लांबलचक चित्रवर्णनातून एका वाक्याचा ऑल्ट टेक्स्ट: क्रमाने कसा काढायचा

चित्राचं दीडशे शब्दांचं वर्णन हाताशी असतं आणि ऑल्टच्या रकान्यात, म्हणजे अंध वाचकाचा स्क्रीन रीडर चित्राऐवजी जो मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो त्यात, एकच वाक्य घालायचं असतं. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. काही जण सगळं वर्णन जसंच्या तसं रकान्यात चिकटवतात, तर काही जण त्याचं पहिलं वाक्य उचलतात. दोन्हींचा ऐकणाऱ्याला उपयोग होत नाही. वर्णनाचं पहिलं वाक्य बहुधा सगळ्यात पोकळ असतं, कारण लिहिणारा तिथे अजून चित्राभोवतीच फिरत असतो: रंगीत छायाचित्र, पावसाळी दृश्य, ढगाळ आकाश. कामाची गोष्ट चौथ्या-पाचव्या वाक्यात येते आणि छाटणीत नेमकी तीच जाते.

या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतलं आहे. विषय चारसूत्री भातलागवडीचा आहे; तिच्यात भाताच्या रोपांचे चूड ठरावीक अंतरावर लावतात आणि त्यांच्या मध्ये ब्रिकेट, म्हणजे खताच्या गोळ्या, चिखलात खोचतात. लेख शेतकऱ्यांसाठी आहे, त्यात एक फोटो आणि एक आकृती आहे, आणि दोन्हींची लांब वर्णनं कुणीतरी मेहनतीने लिहून दिली आहेत. त्यांचं एकेक वाक्य करायचं आहे.

## आधी एवढं पक्कं माहीत हवं: ऑल्ट ऐकू कसा येतो

स्क्रीन रीडर चित्रावर आला की ऑल्टमधला मजकूर एका दमात वाचतो. त्यात परिच्छेद, उपशीर्षकं किंवा याद्या नसतात. लेखाच्या मजकुरात ऐकणारा शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारतो, परिच्छेद वगळतो, परत मागे येतो. ऑल्टमध्ये यातली कुठलीच सोय नाही. फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर चालू असताना अर्धवट ऐकून पुढे सरकलं आणि काही निसटलं असं वाटलं, तर परत त्या चित्रावर येऊन पहिल्या शब्दापासून ऐकावं लागतं. म्हणून दीडशे शब्दांचा ऑल्ट बहुतेक जण मध्येच सोडून देतात.

आणखी दोन गोष्टी. हे चित्र आहे, असं स्क्रीन रीडर आपणहून सांगतो. विंडोजवरचा एनव्हीडीए ‘ग्राफिक’ म्हणतो, व्हॉइसओव्हर ‘इमेज’. त्यामुळे आपण पुन्हा ‘या चित्रात’ लिहिलं की ते दोनदा ऐकू येतं. आणि ऑल्टच्या आतल्या एखाद्या शब्दाची भाषा वेगळी असल्याची खूण करता येत नाही. पानाची भाषा मराठी असेल तर सगळा ऑल्ट मराठी आवाजात वाचला जातो.

तपासा: पानाच्या सुरुवातीच्या `<html>` टॅगमध्ये `lang="mr"` आहे ना? तिथे `en` राहिलं असेल तर इंग्रजी आवाज देवनागरीची मोडतोड करतो किंवा ती गाळूनच टाकतो. आधी हे दुरुस्त करा, मग वाक्याकडे वळा.

## 1. वर्णन बाजूला ठेवा, आजूबाजूचा मजकूर वाचा

हा टप्पा लोक गाळतात, म्हणून तो पहिला ठेवला आहे. नुसत्या वर्णनावरून ऑल्ट काढता येत नाही. वर्णनात चित्रातलं सगळं असतं. त्यातलं काय ठेवायचं हे वर्णन सांगू शकत नाही, ते ज्या पानावर चित्र लागणार आहे ते पान सांगतं.

चित्राच्या वरचा परिच्छेद, खालचा परिच्छेद आणि फोटोओळ, एवढं वाचा. मग एका कागदावर या प्रश्नाचं उत्तर लिहा: हे चित्र इथून काढून टाकलं तर वाचकाला कोणती गोष्ट कळणार नाही?

आपल्या उदाहरणात फोटोच्या वरचा परिच्छेद असा आहे:

> नियंत्रित लावणी झाली की त्याच दिवशी युरिया-डीएपी ब्रिकेट खोचाव्यात. प्रत्येक चार चुडांच्या लहान चौकोनात मधोमध 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट, 7 ते 10 सेंटिमीटर खोल द्यावी.

फोटोओळ अशी आहे: ‘लावणीच्या दिवशीच ब्रिकेट द्याव्यात.’

म्हणजे कधी, किती आणि किती खोल, हे मजकुरात आलेलं आहे. फोटोतून जास्तीचं कळतं ते एवढंच की प्रत्यक्ष खाचरात, हाताने, हे करतात कसं. डोळस शेतकरी एका नजरेत बघतो की बाई वाकली आहे, बोटं चिखलात गेली आहेत आणि चारही बाजूंना चूड आहेत. हीच नजर ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायची आहे. कागदावरचं उत्तर झालं: हाताने ब्रिकेट कुठे आणि किती आत खोचतात.

इशारा: या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर ते चित्र केवळ शोभेचं आहे. तिथे वाक्य लिहू नका, ऑल्ट रिकामा ठेवा: `alt=""`. अवतरणचिन्हांच्या मध्ये मोकळी जागासुद्धा नको. रिकामा ऑल्ट आणि ऑल्टच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा असेल तर स्क्रीन रीडर चित्र मुकाट वगळतो. ऑल्ट लिहिलाच नसेल, तर अनेकदा, विशेषतः चित्र लिंकमध्ये असलं की, तो फाइलचं नाव वाचत बसतो.

## 2. वर्णनातून काय खोडायचं, आणि कोणत्या क्रमाने

आता वर्णन हातात घ्या. आपल्याला मिळालेलं वर्णन असं आहे:

> या रंगीत छायाचित्रात पावसाळ्यातील एका भातखाचराचे मनोहारी दृश्य दिसत आहे. आकाश ढगाळ असून मागे धुक्यात हरवलेले डोंगर आहेत. मध्यभागी निळी साडी नेसलेली, डोक्यावर प्लास्टिकचे इरले घेतलेली, सुमारे चाळीस वर्षांची एक कष्टाळू शेतकरी महिला कमरेत वाकलेली आहे. तिच्या उजव्या हाताची बोटे नुकत्याच लावलेल्या भाताच्या चार चुडांच्या मधोमध मुळापर्यंत चिखलात गेली आहेत. डाव्या हातात राखाडी गोळ्यांनी भरलेला प्लास्टिकचा डबा आहे. तिच्या मागे लाल खुणा असलेली नायलॉनची दोरी ताणलेली दिसते. बांधावर एक लहान मुलगा छत्री धरून उभा आहे. महिलेच्या चेहऱ्यावर कामाचे समाधान आहे.

थेट वाक्य लिहायला बसू नका. आधी खोडा, आणि खालच्या क्रमानेच खोडा. सोप्या गोष्टी आधी गेल्या की अवघड निर्णयांसाठी थोडंच उरतं.

पहिल्यांदा घोषणा खोडा. ‘या रंगीत छायाचित्रात’, ‘दृश्य दिसत आहे’, ‘मध्यभागी’. चित्राचा प्रकार फक्त तेव्हाच ठेवा, जेव्हा त्याने अर्थ बदलतो: नकाशा, आकृती, रेखाचित्र, पडद्यावरून टिपलेलं चित्र. साध्या फोटोला फोटो म्हणायची गरज नाही.

मग वर्णन करणाऱ्याची मतं आणि अंदाज खोडा. ‘मनोहारी’, ‘कष्टाळू’, ‘सुमारे चाळीस वर्षांची’, ‘चेहऱ्यावर समाधान’. शेवटचं तर नीट पाहा: बाई कमरेत वाकली आहे आणि डोक्यावर इरलं आहे, म्हणजे चेहरा दिसण्याचीच शक्यता कमी. लांब वर्णनांत अशी वाक्यं सर्रास असतात, कारण शेवट गोड करायचा मोह होतो. ऐकणाऱ्याला पडताळून पाहता येत नाही, म्हणून इथे जास्त कडक राहायचं. माणसाची जात, जमात, गरिबी किंवा मनःस्थिती कपड्यांवरून ठरवून लिहू नका. मूळ मजकुरात ती माहिती दिली असेल आणि विषयाला लागू असेल, तरच ठेवा.

मग जे मजकुरात किंवा फोटोओळीत आलं आहे ते खोडा. ऐकणाऱ्याला फोटोओळही ऐकू येते, लगोलग. तेच ऑल्टमध्ये लिहिलं तर त्याला एकच वाक्य दोनदा ऐकावं लागतं. ‘नुकत्याच लावलेल्या’ इथे जाईल, कारण लावणीच्या दिवसाचा उल्लेख झालेला आहे.

सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी आणि रंग. डोंगर, धुकं, आकाश, निळी साडी, बांधावरचा मुलगा. या टप्प्यावर हात अडखळतो, कारण हे तपशील खरे असतात आणि सुंदरही असतात. पण कागदावरच्या उत्तराशी त्यांचा संबंध नाही. रंग ठेवायचा तो जेव्हा मजकूर त्याच्यावर अवलंबून असतो: ‘पानं पिवळी पडली की नत्र कमी आहे’ असं लिहिलं असेल, तर पिवळा हा शब्द ऑल्टमध्ये आलाच पाहिजे.

दोरीचं काय? तिच्यावरच्या लाल खुणा लावणीचं अंतर दाखवतात, म्हणजे विषयाशी संबंध आहे. पण हा परिच्छेद ब्रिकेटचा आहे. लावणीचा परिच्छेद वेगळा आहे आणि तिथे आकृती आहे. दोरी तिथे जाईल, इथून खोडायची.

उरलं ते एवढं: शेतकरी महिला, वाकलेली, उजव्या हाताची बोटं मुळापर्यंत चिखलात, चार चुडांच्या मधोमध, डाव्या हातात ब्रिकेटचा डबा.

तपासा: उरलेल्या तुकड्यांत कोण किंवा काय, काय करतं आहे, आणि मजकुराला लागणारा एक तपशील, असे तीन भाग आहेत का? दोनच असतील तर काहीतरी जास्त खोडलं गेलं. पाच-सहा असतील तर एका वाक्यात ते मावणार नाहीत, परत कागदावरच्या उत्तराकडे जा.

इथे डबा चौथा आहे. तो जाऊ द्या. ब्रिकेट कशात भरून नेतात हा प्रश्न मजकुरात कुठेच नाही. ‘बोटं मुळापर्यंत’ मात्र ठेवलंच पाहिजे. मजकुरात 7 ते 10 सेंटिमीटर लिहिलं आहे, पण चिखलात उभं राहून पट्टी कोण लावणार? बोटं मुळापर्यंत गेली की खोली साधारण तेवढी होते. डोळस वाचकाला फोटोतून हे माप आपोआप मिळतं, आणि ऐकणाऱ्याला ते मिळवून द्यायची जागा हीच.

## 3. वाक्य बांधा, आणि कर्ता पुढे आणा

या टप्प्यावर मराठीत एक अडचण येते. आपल्या भाषेत विशेषणं आणि विशेषण-वाक्यं नामाच्या आधी येतात आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. लांब वर्णन एका वाक्यात कोंबलं की असं होतं:

> कमरेत वाकून भाताच्या चार चुडांच्या मधोमध चिखलात मुळापर्यंत बोटं घालून ब्रिकेट खोचत असलेली शेतकरी महिला.

डोळ्यांनी वाचताना हे चालून जातं, कारण नजर आधीच शेवटापर्यंत धावलेली असते. कानाला मात्र तेरा शब्द होईपर्यंत कळत नाही की कोणाबद्दल बोलणं चाललं आहे. तोवरचा प्रत्येक शब्द मनात धरून ठेवावा लागतो. आणि जो ऐकणारा पहिले चार शब्द ऐकून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवतो (सराईत वापरणारे असंच करतात), त्याला ‘कमरेत वाकून भाताच्या चार’ एवढंच मिळतं.

उपाय सोपा आहे. कर्ता पहिल्या दोन-तीन शब्दांत आणा, मग जागा, मग रीत, आणि क्रियापद त्याच्या जागी शेवटीच ठेवा:

> शेतकरी महिला भाताच्या चार चुडांच्या मधोमध, बोटं मुळापर्यंत चिखलात घालून, ब्रिकेट खोचते आहे.

आधीच्या वाक्यातले ‘कमरेत वाकून’ हे शब्द इथे नाहीत. चिखलात बोटं घालायची म्हणजे वाकणं आलंच. अर्थातून जे आपोआप कळतं ते लिहायची गरज नाही.

‘-लेली’, ‘-णारी’, ‘असलेली’ असे दोनांहून जास्त शब्द एका वाक्यात आले तर समजा की वाक्य उलटं बांधलं गेलं आहे. ते सुटं करून साधं क्रियापद लावा. प्रमाण भाषा की बोली हा प्रश्नही इथेच सोडवा: लेखाची भाषा जशी असेल तशीच ऑल्टची ठेवा. लेख ‘बोटे’, ‘खोचत आहे’ असा चालला असेल तर ऑल्टही तसाच हवा.

### लांबी किती?

125 अक्षरांची मर्यादा असते, असं तुम्ही ऐकलं असेल. सुगम्यतेचे जे मान्य निकष आहेत, म्हणजे डब्ल्यूसीएजी, त्यांत अशी कुठलीही अक्षरमर्यादा दिलेली नाही. शिवाय मराठीसाठी अक्षरमोजणी फसवी आहे. संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण ही सगळी वेगळी मोजतो. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, पण संगणकाच्या हिशेबात ती सहा चिन्हं आहेत. आकड्याच्या मागे लागून मराठी वाक्य छाटलं तर क्रियापद नाही तर प्रत्यय उडतात आणि वाक्य लंगडं होतं.

त्याऐवजी मोठ्याने वाचा. एका श्वासात, घाई न करता वाचून झालं पाहिजे. साधारण बारा ते वीस शब्दांत हे बसतं. वरचं वाक्य तेरा शब्दांचं आहे.

इशारा: तीन वाक्यांना अर्धविराम आणि ‘तर’, ‘असून’, ‘आणि’ लावून एक वाक्य करणं म्हणजे छाटणी नव्हे. पूर्णविराम काढले तरी ऐकायचा वेळ तेवढाच लागतो, उलट थांबे गेल्यामुळे समजायला आणखी कठीण होतं.

## 4. कानासाठी साफसफाई

वाक्य तयार झालं की ते आवाजात कसं उतरेल हे पाहायचं. इथल्या चुका लहान असतात, पण नेमक्या त्याच कामाचे शब्द बिघडवतात.

संक्षेप पूर्ण लिहा. ‘सेंमी.’ हे काही आवाज जसं लिहिलं तसंच वाचतात, आणि त्यातला टिंब वाक्य संपल्यासारखा थांबा घेतो. ‘सेंटिमीटर’ लिहा. ‘15×25’ मधलं गुणाकाराचं चिन्ह स्क्रीन रीडरच्या सेटिंगनुसार कधी वाचलं जातं, कधी गाळलं जातं. गाळलं तर ऐकू येतं ‘पंधरा पंचवीस’. तिथे ‘15 बाय 25’ लिहा. बाण, टिकमार्क आणि इमोजी ऑल्टमध्ये घालू नका.

रोमन लिपीतले शब्द देवनागरीत लिहा. ‘DAP’ ऐवजी ‘डीएपी’. मराठी आवाज रोमन अक्षरांचं काय करील याचा भरवसा नसतो, आणि आधी सांगितलं तसं, ऑल्टच्या आत भाषेची खूण करता येत नाही.

वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्या. तो नसेल तर ऑल्टचा शेवट आणि फोटोओळीची सुरुवात एकमेकांत मिसळू शकते: ‘ब्रिकेट खोचते आहे लावणीच्या दिवशीच ब्रिकेट द्याव्यात’.

आणि ऑल्टच्या आत सरळ दुहेरी अवतरणचिन्ह नको. एचटीएमएल हाताने लिहीत असाल तर पहिल्या अवतरणचिन्हापाशीच ऑल्ट संपतो आणि पुढचे शब्द हरवतात. पान दिसायला ठीक दिसतं, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. अवतरण लागलंच तर ‘ ’ ही वळणदार एकेरी चिन्हं वापरा.

शेवटी ते असं बसतं:

```html
<figure>
  <img src="briquette-01.jpg" alt="शेतकरी महिला भाताच्या चार चुडांच्या मधोमध, बोटं मुळापर्यंत चिखलात घालून, ब्रिकेट खोचते आहे.">
  <figcaption>लावणीच्या दिवशीच ब्रिकेट द्याव्यात.</figcaption>
</figure>
```

तपासा, वर्डप्रेसवर असाल तर: मीडिया लायब्ररीत ऑल्ट बदलल्याने आधी छापलेल्या लेखातला ऑल्ट बदलत नाही. चित्र लेखात टाकताना जो ऑल्ट होता तोच लेखात राहतो. जुना लेख उघडून, त्या चित्रावर क्लिक करून, तिथे बदला. शीर्षक, फोटोओळ आणि वर्णन हे रकाने वेगळे आहेत. ऑल्टचं वाक्य त्यांत घालून उपयोग नाही.

## 5. तोच फोटो दुसऱ्या जागी गेला तर

एकदा लिहिलेला ऑल्ट फोटोबरोबर सगळीकडे फिरवणं ही दुसरी मोठी चूक. पहिल्या टप्प्यातला प्रश्न जागेगणिक पुन्हा विचारायचा असतो.

समजा हाच फोटो शेतमजूर स्त्रियांच्या कंबरदुखीवरच्या लेखात लावला. तिथे ब्रिकेट गौण आहे. किती वाकावं लागतं ते दाखवायला फोटो घेतला आहे. मग ऑल्ट होईल: ‘डोक्यावर इरलं घेतलेली महिला भातखाचरात कमरेत पूर्ण वाकून हाताने खत देते आहे.’ मघाशी आपण खोडलेलं वाकणं आणि इरलं इथे परत आलं, आणि बोटांची खोली गेली.

समजा मुखपृष्ठावर हा फोटो म्हणजे लेखाची लिंक आहे आणि जवळ शीर्षक नाही. तिथे ऐकणाऱ्याला एकच जाणून घ्यायचं असतं, की हे दाबल्यावर कुठे जाणार? ऑल्ट: ‘चारसूत्री भातलागवड: ब्रिकेट कशा द्याव्यात’. फोटोत काय आहे ते इथे सांगू नका. आणि त्याच लिंकमध्ये फोटोच्या शेजारी शीर्षक छापलेलं असेल, तर `alt=""` ठेवा, नाहीतर शीर्षक दोनदा ऐकू येईल.

म्हणून मूळ लांब वर्णन कधीही फेकू नका. ते फोटोच्या फाइलबरोबर जपून ठेवा. प्रत्येक जागेसाठी त्यातूनच वेगळी छाटणी करायची आहे.

## 6. एका वाक्यात मावत नाही तेव्हा

आता आकृती. तिचं लांब वर्णन बाराएक ओळींचं आहे, कारण नियंत्रित लावणीत अंतरं आलटून पालटून असतात, ओळीतही आणि दोन ओळींमध्येही: 15 सेंटिमीटर, मग 25, मग पुन्हा 15. त्यामुळे चार चुडांचा 15 बाय 15 चा लहान चौकोन तयार होतो, आणि ब्रिकेट फक्त त्याच चौकोनात जाते. मोठ्या चौकोनात आणि मधल्या पट्ट्यांत ती देत नाहीत.

हे सगळं एका वाक्यात कोंबायचा प्रयत्न करू नका. नकाशा, तक्ता, आलेख, मांडणीची आकृती यांना ऐकणाऱ्याला थांबत थांबत, मागेपुढे करत समजून घ्यावं लागतं, आणि ते ऑल्टमध्ये होत नाही. कामाची विभागणी करा. ऑल्टमध्ये आकृतीचा मुख्य मुद्दा आणि तपशील कुठे आहे ते सांगा. तपशील आकृतीखाली, सगळ्यांना दिसेल असा, साध्या मजकुरात द्या.

```html
<img src="lavani-akruti.png" alt="आकृती: चूड 15 आणि 25 सेंटिमीटरवर आलटून पालटून, ब्रिकेट फक्त लहान चौकोनांत; मांडणी खाली शब्दांत दिली आहे.">
<h3>मांडणी शब्दांत</h3>
<ol>
  <li>ओळीत पहिल्या चुडापासून 15 सेंटिमीटरवर दुसरा, तिथून 25 वर तिसरा, तिथून 15 वर चौथा.</li>
  <li>दुसरी ओळ पहिलीपासून 15 सेंटिमीटरवर, तिसरी ओळ दुसरीपासून 25 वर.</li>
  <li>चारही बाजू 15 सेंटिमीटरच्या आहेत त्या प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक ब्रिकेट.</li>
</ol>
```

इथे ‘आकृती’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे, कारण ऐकणाऱ्याला कळतं की पुढे माप आणि मांडणी येणार. आणि खालचा मजकूर दडवून ठेवलेला नाही. खाचराच्या बांधावर फोन हातात धरून उभ्या असलेल्या डोळस शेतकऱ्यालाही लहान पडद्यावरच्या आकृतीपेक्षा या तीन ओळी जास्त कामाच्या पडतील.

इशारा: ‘खाली दिली आहे’ असं लिहिलंत तर ते खरोखर लगेच खाली असलं पाहिजे. मध्ये जाहिरात किंवा दुसरा परिच्छेद आला तर ऐकणारा शोधत राहतो. लांब वर्णनासाठी पूर्वी `longdesc` वापरायचे. ते आता कालबाह्य ठरलं आहे, नवीन पानांत घालू नका. `aria-describedby` ने वर्णन जोडलं तरी चित्रावर आल्यावर ते एका दमातच वाचलं जातं, म्हणजे मूळ अडचण तशीच राहते.

## 7. ऐकून पाहा

डोळ्यांनी तपासलेला ऑल्ट अर्धाच तपासलेला असतो. विंडोजवर एनव्हीडीए मोफत मिळतो. तो सुरू करून पान ब्राउझरमध्ये उघडा आणि `G` दाबा. प्रत्येक वेळी पुढच्या चित्रावर उडी पडते, `Shift` धरून `G` दाबलं की मागच्या. आवाजाचा वेग सुरुवातीला जड जात असेल तर एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर चालू करा, म्हणजे जे बोललं जातं ते खिडकीत लिहूनही दिसतं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असतो. तो चालू केला की एका टिचकीने चित्र किंवा बटण फक्त वाचलं जातं आणि दोन टिचक्यांनी उघडतं. हे आधी माहीत नसेल तर फोन बंद पडला असं वाटून घाबरायला होतं.

फक्त चित्रांवर उड्या मारून थांबू नका. चित्राच्या वरच्या परिच्छेदापासून खालच्या परिच्छेदापर्यंत सलग ऐका. पुनरुक्ती, गाळलेला थांबा, चुकीचा उच्चार हे सगळं सलग ऐकतानाच पकडलं जातं.

मग आणखी एक कसोटी घ्या. ज्याने चित्र पाहिलेलं नाही अशा माणसाला परिच्छेद आणि ऑल्ट एकदाच वाचून दाखवा आणि कामाचा प्रश्न विचारा. ‘आवडलं का?’ असं नको, ‘ब्रिकेट कुठे खोचायची आणि हात किती आत जातो?’ असं विचारा. उत्तरात ‘चार चुडांच्या मध्ये’ आलं आणि ‘बोटं मुळापर्यंत’ राहून गेलं, तर तो तपशील वाक्यात मागे पडला आहे. जागा बदलून परत वाचा. रोज स्क्रीन रीडर वापरणारं कुणी ओळखीचं असेल तर हा प्रश्न त्यांना विचारा, आणि ते त्यांच्या नेहमीच्या वेगाने ऐकतील तसंच ऐकू द्या. डोळस माणसाने तपासायला घेतलेल्या संथ वेगात चांगलं वाटलेलं वाक्य त्या वेगात कधी कधी गुंतून जातं, आणि गुंता जवळजवळ नेहमी कर्त्याच्या आधी साचलेल्या शब्दांत सापडतो.